तीन फेजची बेरीज शून्यच का येते?

मृणाल_मिरज

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमाच्या मुलांना गणित शिकवते. वीज हा माझा विषय नाही. परवा एका मुलाने वही पुढे केली. तीन फेजची व्होल्टेज एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेली असतात आणि कुठल्याही क्षणी त्यांची बेरीज शून्य येते, एवढंच सिद्ध करायचं होतं. ते लगेच झालं:

```
sin θ + sin(θ − 120°) + sin(θ + 120°)
= sin θ + 2 sin θ cos 120°
= sin θ − sin θ = 0
```

पण मुलगा उठेना. म्हणाला, "मॅडम, शून्य येतं हे दिसलं. पण का येतं?" cos 120° बरोबर उणे अर्धा आहे म्हणून, असं मी म्हणू शकते. मात्र तेही एक सूत्रच झालं. तो उणे अर्धा नेमका तिथेच का यावा, हे त्यातून कळत नाही. ११० अंश घेतले तर बेरीज 0.316 sin θ उरते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ते सुमारे ७३ व्होल्ट होतात. म्हणजे दहा अंशांनी एवढा फरक पडतो.

दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. सूत्राशिवाय याचं कारण सांगता येतं का? आणि हे 'नेहमी' प्रत्यक्ष तारेतही नेहमीच असतं, की फक्त वहीत?

---

पक्का_वायरमन

ताई, कारण साधं आहे. थ्री फेजमध्ये करंट एका फेजने जातो आणि बाकीच्या दोन फेजने परत येतो. जेवढा गेला तेवढाच परत आला, म्हणून बेरीज शून्य. म्हणूनच थ्री फेज मोटारीला न्यूट्रल लागत नाही, तीन वायरी जोडल्या की मोटार चालू. पंधरा-वीस वर्षं वायरिंग करतोय. लोड तिन्ही फेजवर सारखा असेल तर न्यूट्रलला काही कामच नाही.

---

उपकेंद्र

मोटारीबद्दल पक्का_वायरमन यांचं म्हणणं बरोबर आहे. पण मृणालताईंनी व्होल्टेजबद्दल विचारलंय आणि हे उत्तर करंटचं आहे. दोन्ही शून्यांची कारणं वेगळी आहेत. ती एकत्र केली की पुढे गोंधळ होतो.

जनित्राला काहीही जोडलेलं नाही असं धरा. एकही अँपिअर वाहत नाहीये. तरी तिन्ही व्होल्टेजची बेरीज शून्यच असते. म्हणजे कारण जनित्राच्या रचनेत शोधायला हवं. स्टेटरमध्ये तीन वाइंडिंग बसवलेली असतात. वेढे सारखे, तार सारखी, जागा मात्र एकमेकांपासून १२० अंशांवर. आत एकच चुंबक फिरतो आणि तिन्हींसमोरून ठराविक अंतराने जातो. ५० हर्ट्झला एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणून एका वाइंडिंगला जे घडतं तेच पुढच्या वाइंडिंगला ६.६७ मिलिसेकंदांनी घडतं.

आता सूत्राशिवायचं कारण. एका बिंदूतून निघणारे तीन सारख्या लांबीचे बाण काढा, एकमेकांत १२० अंशांचं अंतर ठेवून. हे बाण एकत्र फिरतायत आणि प्रत्येक बाणाच्या टोकाची उंची म्हणजे त्या फेजचं त्या क्षणीचं व्होल्टेज. तिन्ही बाणांची बेरीज करून समजा एक चौथा बाण आला. तो कुठल्या दिशेला असेल ते आपल्याला माहीत नाही, कुठेही असू द्या.

आता तीन फेजच्या बाणांना आर, वाय आणि बी अशी नावं द्या आणि सगळं चित्र १२० अंशांनी फिरवा. आर वायच्या जागी गेला, वाय बीच्या, बी आरच्या. चित्र आधीसारखंच दिसतंय, फक्त नावं बदलली. बाण तेच असतील तर बेरीजही तीच यायला हवी. पण चित्रासोबत तो चौथा बाणही १२० अंशांनी फिरलाय. फिरूनही जागचा न हललेला बाण कसा असेल? त्याला लांबीच नसेल तरच. म्हणून बेरीज शून्य.

छताच्या पंख्याची तीन पाती आठवा. सारख्या वजनाची आणि सारख्या अंतरावर असतील तर त्यांचा गुरुत्वमध्य मधल्या दांड्यावरच येतो, कारण कुठल्याही एका पात्याकडे झुकायला त्याला कारणच नसतं. एक पातं वाकलं की पंखा डोलायला लागतो.

आकडे घालून पाहायचे असतील तर २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट असतं. आर शिखरावर असतो त्या क्षणी वाय आणि बी दोन्ही उणे १६२.५ वर असतात. आरचा कोन २० अंश असताना आर अधिक १११, बी अधिक २०९ आणि वाय उणे ३२०. कुठलाही क्षण घ्या, हिशेब जुळतो.

---

मृणाल_मिरज

दादा, हेच हवं होतं. मुलाला असंच सांगेन. हे वाचल्यावर लक्षात आलं की गणितात ही ओळखीचीच गोष्ट आहे. x³ = 1 या समीकरणाची तिन्ही मुळं वर्तुळावर १२० अंशांनी बसतात आणि त्यांची बेरीज शून्य, कारण समीकरणात x² चं पदच नाही. ११० अंशांना बेरीज का फसते तेही कळलं. ते चित्र फिरवल्यावर स्वतःशी जुळतच नाही.

पण मग नवा प्रश्न आला. ही युक्ती तीनच बाणांना कशाला हवी? चार बाण ९० अंशांवर, पाच बाण ७२ अंशांवर, अगदी दोन बाण १८० अंशांवर घेतले तरी बेरीज शून्यच येईल. मग तीनच फेज का? दोनात भागलं असतं की.

आणि दुसरं, जरा भाबडं वाटेल पण विचारते. बेरीज शून्य, तर शक्ती कुठून येते? तिन्ही मिळून काहीच नाही, तरी मोटार फिरते कशी?

---

निखिल_म्युनिक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. शक्ती व्होल्टेजच्या बेरजेवर ठरत नाही, वर्गांच्या बेरजेवर ठरते. प्रत्येक फेज आपापल्या लोडला वेगळी शक्ती देते. व्होल्टेज उणे असलं की करंटही उणे असतो आणि गुणाकार अधिकच येतो. शिखर १ धरा. आर शिखरावर असताना वर्ग १, पाव आणि पाव, बेरीज दीड. आर शून्यावर असताना वर्ग शून्य, पाऊण आणि पाऊण, पुन्हा दीड. मधला कुठलाही क्षण घेतलात तरी दीडच. व्होल्टेजची बेरीज कायम शून्य आणि वर्गांची बेरीज कायम दीड. दुसऱ्या गोष्टीमुळे मोटारीला सतत एकसारखा जोर मिळतो. सिंगल फेजला तो जोर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो.

तीनच का, याचं उत्तरही यातच आहे. दोन फेज १८० अंशांवर घेतल्या तर बेरीज शून्य होते, पण दोन्हींचे वर्ग एकदमच वाढतात आणि एकदमच घटतात, म्हणजे शक्ती धडधडत राहते. दोन फेज ९० अंशांवर घेतल्या तर शक्ती स्थिर होते, पण बेरीज शून्य होत नाही आणि परतीच्या तारेत एका फेजच्या १.४१ पट करंट येतो. दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात अशी सगळ्यात लहान संख्या तीन.

९० अंशांची टू फेज पद्धत खरोखर वापरात होती. १८९५ साली नायगाऱ्याला वेस्टिंगहाऊसची जी मोठी जनित्रं सुरू झाली ती टू फेज, २५ हर्ट्झची होती. त्याच्या चार वर्षं आधी, १८९१ मध्ये इथे जर्मनीत, नेकार नदीवरच्या लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला थ्री फेज वीज नेऊन दाखवली होती. त्यामागे दोलिवो-दोब्रोवोल्स्की हा इंजिनिअर होता. अखेर त्याची पद्धत टिकली.

---

शेतावरून

मी शेतकरी माणूस, तुमचं गणित सगळं कळालं नाही. पण माझी एक अडचण या बेरजेशी जुळतेय का बघा. विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे. गेल्या हंगामात स्टार्टर दाबला की मोटार नुसती घूंऽऽ करायची, फिरायची नाही. फेज गेली असेल म्हणून मोटारीकडच्या तिन्ही वायरींना टेस्टर लावला. तिन्हीवर लागला! म्हटलं वीज तर आहे, मोटारच जळाली. मोटार काढून रिवाइंडिंगवाल्याकडे नेली, तो म्हणाला मोटार चांगली आहे. शेवटी डीपीवरचा एक फ्यूज उडालेला निघाला. फ्यूज उडालेला, तर त्या वायरीवर टेस्टर लागला कसा? दोन फेज दिल्या की बेरीज शून्य करायला तिसरी आपोआप तयार होते का?

---

पक्का_वायरमन

मोटार फिरत असती तर तिसरी तयार झाली असती. चालत्या मोटारीचा एक फ्यूज उडाला तरी ती रडतखडत फिरत राहते आणि गेलेल्या फेजवर बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवते. म्हणून तर चालू मोटारीवर फ्यूज शोधताना माणूस फसतो. पण तुमची उभी होती. उभ्या मोटारीवर टेस्टर का लागला, ते मलाही बघायचंय.

---

उपकेंद्र

चालत्या मोटारीचं पक्का_वायरमन यांनी अगदी बरोबर सांगितलं. फिरता रोटर स्वतःच त्या तिसऱ्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज निर्माण करतो. पण ते रोटरमुळे होतं, बेरजेचा नियम पाळायला कोणी तिसरी फेज आणून देत नाही.

उभ्या मोटारीचं उत्तर मात्र मृणालताईंच्या नियमातूनच निघतं. बी फेजचा फ्यूज उडालाय असं धरा. करंट आरमधून येतो आणि वायमधून जातो. स्टार जोडणीत तिन्ही वाइंडिंग जिथे मिळतात तो मोटारीचा मधला जोड आर आणि वाय यांच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणजे त्या दोघांच्या बेरजेच्या निम्म्यावर. आता तिन्हींची बेरीज शून्य, म्हणून आर अधिक वाय म्हणजे उणे बी. त्याचं निम्मं म्हणजे उणे अर्धा बी, ११५ व्होल्ट. बीच्या वाइंडिंगमधून करंट वाहत नाही, त्यामुळे तिच्यात व्होल्टेज खर्च होत नाही आणि मेलेल्या वायरीच्या टोकालाही तेच ११५ व्होल्ट दिसतात, खऱ्या बी फेजच्या उलट दिशेला. टेस्टरचा निऑन पेटायला एवढे व्होल्ट पुरतात. डेल्टा जोडणीतही सममितीमुळे हेच घडतं.

म्हणून फेज गेली का हे टेस्टरने ठरवू नये. मल्टिमीटरने मोटारीकडच्या वायरी दोन-दोन करून मोजायच्या. तिन्ही फेज असतील तर तिन्ही मोजमापं ४०० च्या आसपास येतात. एक गेली असेल आणि मोटार उभी असेल तर एक ४०० आणि बाकीची दोन २०० च्या आसपास येतात. ज्या वायरीशी दोन्हीकडून २०० येतात ती मेलेली. हे मोजमाप काही सेकंदांतच उरकावं, कारण उभी मोटार त्या वेळी कित्येक पट करंट खेचते आणि वाइंडिंग भराभर तापतं. आणि ते काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

---

शेतावरून

म्हणजे दोनशे-दोनशे बघायचं. आमच्या इथल्या वायरमनला दाखवतो हे. रिवाइंडिंगवाल्याकडे जाण्या-येण्याचं भाडं आणि पाण्याची एक पाळी गेली माझी, टेस्टर लागला म्हणून.

---

मृणाल_मिरज

उणे अर्धा बी! सूत्रात cos 120° चा जो उणे अर्धा होता, तोच विहिरीवरच्या वायरीवर ११५ व्होल्ट होऊन बसलाय.

आता माझा दुसरा प्रश्न, 'नेहमी'बद्दलचा. पक्का_वायरमन म्हणतात लोड सारखा असेल तर न्यूट्रलला काम नाही. पण घरांमध्ये लोड सारखा कधीच नसतो. मग व्होल्टेजची बेरीज तिथे शून्य राहते का?

---

पक्का_वायरमन

न्यूट्रल जोडलेला आहे तोवर राहते. न्यूट्रल तुटला की टीव्ही, फ्रिज उडतात. हे मी चाळीत डोळ्यांनी पाहिलंय. एका घरात बल्ब मिणमिणता आणि शेजारी ट्यूब फुटायच्या बेताला. पण त्याचा आकडा कसा काढायचा ते येत नाही.

---

उपकेंद्र

आकडा मृणालताईंना काढता येईल, म्हणून त्यांच्यावरच सोपवतो. आर फेजवर एका घरात २००० वॉटचा गिझर, वाय आणि बीवर एकेका घरात ५०० वॉटचा लोड. सगळं साध्या रोधासारखं धरा, पुरवठा २३०. आधी न्यूट्रल शाबूत असताना त्यातून किती करंट जातो ते काढा. मग न्यूट्रल तुटल्यावर तिन्ही घरांचे लोड जिथे मिळतात तो मधला बिंदू कुठे जातो ते काढा. तुटल्यावर आतल्या करंटना परतीची वाट नाही, म्हणून आता करंटची बेरीज शून्य व्हावीच लागते. व्होल्टेजला ते जुळवून घ्यावं लागतं.

---

मृणाल_मिरज

करून पाहिलं.

न्यूट्रल शाबूत: गिझर ८.७ अँपिअर घेतो, बाकी दोघं प्रत्येकी २.१७. वाय आणि बीचे सारखे करंट मिळून आरच्या उलट दिशेला २.१७ होतात, पुन्हा तीच युक्ती. म्हणून न्यूट्रलमध्ये ८.७ वजा २.१७, म्हणजे साधारण ६.५ अँपिअर.

न्यूट्रल तुटलेला: लोडचं प्रमाण ४, १, १. मधल्या बिंदूचं व्होल्टेज चार आर अधिक वाय अधिक बी, भागिले सहा. वाय अधिक बी म्हणजे उणे आर, म्हणून तीन आर भागिले सहा, म्हणजे अर्धा आर. मधला बिंदू आरच्या दिशेने ११५ व्होल्ट सरकला. गिझरच्या घरात ११५ व्होल्ट उरले. बाकीच्या दोन घरांत पायथागोरसने ३०४ व्होल्ट आले!

गिझर २००० वॉटऐवजी ५०० वॉटवर आला आणि पाणी कोमटच राहिलं. शेजारच्या दोन्ही घरांत ज्याचा काही दोष नाही त्याच्यावर पावणेदोन पट शक्तीचा मारा. आकडा परत तपासला, बरोबरच आहे. ज्याने जास्त लोड लावला त्याला कमी व्होल्टेज, आणि ज्यांनी कमी लावला त्यांची उपकरणं जळणार.

---

उपकेंद्र

अगदी बरोबर. आणि तुमच्या 'नेहमी'चं उत्तरही इथेच आहे. त्या तीन घरांत आता ११५, ३०४, ३०४ व्होल्ट आहेत. बाण काढून बेरीज केलीत तर ती शून्य येत नाही, ३४५ व्होल्ट येते, मधला बिंदू जेवढा सरकला त्याच्या तिप्पट. दरम्यान डीपीच्या ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर, तिथल्या न्यूट्रलपासून मोजलं तर सगळं जवळजवळ पूर्वीसारखंच आहे. बेरीज शून्य आहे का, हा प्रश्न कुठून मोजलं हे सांगितल्याशिवाय अपुराच राहतो.

एक बेरीज मात्र खरोखर नेहमी शून्य असते, फेज ते फेजची. आर ते वाय, वाय ते बी, बी ते आर. न्यूट्रल तुटू दे, लोड वाकडातिकडा असू दे, व्होल्टेज असमान असू दे, ही बेरीज शून्यच येते. तिला १२० अंशांचीही गरज नाही. आरपासून निघून फेरी मारून पुन्हा आरवरच आलो, तर उंचीत फरक पडणार कसा? फेज ते न्यूट्रलची बेरीज मात्र तिन्ही सारखी, बरोबर १२० अंशांवर आणि शुद्ध साइनच्या आकाराची असली की शून्य येते, एरवी तिची खात्री नाही.

आम्ही उपकेंद्रात याचा उपयोग करतो. तीन व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वाइंडिंग एकापुढे एक जोडून शेवटचं टोक उघडं ठेवतात. लाइन निरोगी असेल तर त्या उघड्या टोकांवर जवळजवळ काहीच दिसत नाही. एखादी फेज जमिनीला टेकली की बेरीज बिघडते, तिथे व्होल्टेज येतं आणि रिले उचलतो.

---

संकुल_सचिव

धागा वाचतोय कधीचा, माझाही एक प्रश्न. आमच्या व्यापारी संकुलाच्या मुख्य पॅनलवर तिन्ही फेजचा लोड मी नीट वाटून घेतला होता. काल टाँग टेस्टरने मोजलं: आर ४०, वाय ४२, बी ४१ अँपिअर. इतका समतोल लोड बघून बरं वाटलं. मग न्यूट्रलवर टाँग टेस्टर लावला तर ३८ अँपिअर! न्यूट्रलची केबल हातालाही गरम लागते. वरच्या दोन मजल्यांवर ऑफिसं आहेत, सगळीकडे कॉम्प्युटर आणि एलईडी. इथल्या हिशेबाने न्यूट्रलमध्ये जवळजवळ शून्य हवं ना?

---

पक्का_वायरमन

कुठेतरी जोड ढिला असेल, नाहीतर दोन फेज एकाच फेजवरून घेतल्या असतील. जुन्या पॅनलमध्ये फेरबदल करताना असं होतं. सगळे जोड आवळून घ्या आधी.

---

मृणाल_मिरज

दोन फेज एकच आहेत असं धरून मी हिशेब केला, तर न्यूट्रलमध्ये सुमारे ७१ अँपिअर यायला हवे, ३८ नाही. आणि तिन्ही वेगळ्या आणि बरोबर असतील तर ४०-४२-४१ च्या फरकातून दोन अँपिअरही निघत नाहीत. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत.

---

उपकेंद्र

मृणालताईंचा हिशेब बरोबर आहे. शिवाय दोन फेज एकच असत्या तर त्या दोन वायरींमध्ये मोजल्यावर शून्य व्होल्ट आले असते, म्हणजे पाच मिनिटांत कळलं असतं. ढिल्या जोडामुळे जोडाजवळ उष्णता होते, न्यूट्रलमधला करंट वाढत नाही. जोड तपासायला मात्र हवेतच, कारण एवढा करंट वाहणारा न्यूट्रल तुटला तर वर ताईंनी काढलेला हिशेब तुमच्या संकुलात घडेल.

माझा संशय तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे ५० च्या तिप्पट १५० हर्ट्झच्या लाटेवर आहे. कॉम्प्युटर आणि एलईडीचे ड्रायव्हर सबंध साइन लाटेभर करंट घेत नाहीत, लाटेच्या शिखराजवळ झटक्यात ओढतात. असा करंट म्हणजे ५० हर्ट्झ आणि त्यासोबत १५०, २५० हर्ट्झ वगैरेंचं मिश्रण. आता मृणालताईंच्या चित्रात १५० हर्ट्झचे बाण घाला. फेजमधलं अंतर ६.६७ मिलिसेकंद आणि १५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तनही ६.६७ मिलिसेकंदांचंच. म्हणजे वाय फेज एवढ्या उशिरा येते तेव्हा आरची १५० ची लाट बरोबर एक फेरी पूर्ण करून पुन्हा सुरुवातीच्याच जागी असते. तिन्ही फेजचे १५० चे बाण एकाच दिशेला उभे राहतात. चित्र १२० अंशांनी फिरवून स्वतःशी जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. इथे बेरीज शून्य होत नाही, तिप्पट होते. तुमचे ३८ अँपिअर म्हणजे प्रत्येक फेजमध्ये साडेबारा-तेराच्या आसपास तिसरं हार्मोनिक, आणि कॉम्प्युटरच्या लोडला ते अशक्य नाही. लोड कितीही नीट वाटलात तरी हा करंट कमी होत नाही.

करंटचे झटके फार अरुंद असले तर न्यूट्रलमधला करंट एका फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो. जुन्या इमारतींत न्यूट्रलची केबल फेजपेक्षा निम्म्या जाडीची टाकलेली असते. तुमची तशी असेल तर ३८ अँपिअर तिच्यासाठी जास्त आहेत का, ते आधी पाहा.

---

संकुल_सचिव

केबल फेजपेक्षा बारीकच दिसते, नक्की किती ते विचारून सांगतो. हार्मोनिक आहे की दुसरं काही, हे मला स्वतःला तपासता येईल का? आमच्याकडे वरच्या मजल्यावर तीन एसीही आहेत, बहुतेक एकाच फेजवर.

---

उपकेंद्र

तुमचा टाँग टेस्टर ट्रू आरएमएस असेल आणि त्यावर हर्ट्झ मोजायची सोय असेल तर न्यूट्रलवर तो लावून हर्ट्झ पाहा. १५० दाखवला तर तिसरं हार्मोनिक. ५० दाखवला तर असमतोल किंवा फेजमधल्या करंटच्या कोनातला फरक. एसी एकाच फेजवर असतील तर त्या फेजचा करंट बाकीच्यांच्या तुलनेत मागे सरकलेला असू शकतो. आकडे सारखे दिसतात, पण अंतर १२० राहत नाही. नुसत्या त्या कारणाने ३८ अँपिअर यायला मात्र एक बाण ५५ अंशांनी सरकावा लागेल, म्हणून तो एकटा दोषी असेल असं वाटत नाही. आणि काहीही झालं तरी चालू पॅनलमध्ये न्यूट्रल सोडू नका, सोडवू देऊ नका.

---

पक्का_वायरमन

हर्ट्झवाला टाँग टेस्टर आमच्याकडे कोणी वापरत नाही राव. मी अजून जोड आधी बघा असंच म्हणेन. पण १५० हर्ट्झचे तिन्ही बाण एका दिशेला, हे माझ्या मुलाला दाखवणार आहे, तो आयटीआयला आहे.

---

संकुल_सचिव

इलेक्ट्रिशियनचा ट्रू आरएमएस टाँग टेस्टर मिळाला. जोड तपासले, आवळले, एकही ढिला नव्हता. न्यूट्रलवर हर्ट्झ लावला तर आकडा स्थिर राहत नाही, सकाळी ऑफिसं भरायच्या आधी ५० दाखवतो, दुपारी १५० वर जातो आणि मध्येच परत ५० वर येतो. याचा अर्थ काय लावायचा?

---

उपकेंद्र

बहुतेक दोन्ही आहेत, कमीजास्त प्रमाणात. मीटर लाट किती वेळा शून्य ओलांडते तेच मोजतो, त्यामुळे मिश्रण असलं की जो भाग मोठा तो दिसतो. कुठला किती, हे हार्मोनिक वेगळी करून दाखवणाऱ्या मीटरशिवाय सांगता येणार नाही. तो एका कामाच्या दिवसापुरता भाड्याने मिळतो का बघा. दरम्यान तीनपैकी दोन एसी वेगवेगळ्या फेजवर हलवून घ्या आणि सकाळचा न्यूट्रलचा आकडा पुन्हा टाका. तो उतरला तर ५० चा भाग कळेल. दुपारचा फारसा उतरणार नाही असा माझा अंदाज आहे, त्याला केबलच जाड करावी लागेल.